स्वप्नातल्या लग्नानंतर: श्रीविल्लिपुत्तूर ते श्रीरंगम

पहिला दिवस – मदुराई ते श्रीविल्लिपुत्तूर

मदुराईहून श्रीविल्लिपुत्तूरला बसने साधारण दोन तास लागतात. तमिळ पंचांगातला मार्गळी महिना संपत आला होता, म्हणजे जानेवारीचा दुसरा आठवडा. सोबत आत्या होती. तिने आयुष्यभर भजनी मंडळात ज्ञानेश्वरांच्या विरहिणी म्हटल्या आहेत, आणि तमिळ संतकवयित्री आंडाळची पदे मराठी व इंग्रजी अनुवादांतून वाचल्यापासून मी तिच्यामागे या प्रवासाचा लकडा लावला होता. देवाला प्रियकर मानून त्याच्यासाठी झुरणारी कविता आपल्याकडेही आहे आणि तिकडेही आहे. पण तिकडे ती एका मुलीने, स्वतःच्या नावाने, आठव्या-नवव्या शतकात लिहिली आहे, आणि त्या मुलीचे गाव, बाग आणि विहीर आजही दाखवली जाते.

कथा थोडक्यात अशी. वटपत्रशायी विष्णूसाठी रोज हार गुंफणाऱ्या विष्णुचित्तांना, म्हणजेच पेरियाळ्वारांना, तुळशीच्या बागेत एक तान्ही मुलगी सापडली. तीच आंडाळ. ती मोठी होऊ लागली तशी देवाचा हार आधी स्वतःच्या गळ्यात घालून, आपण त्याला शोभतो का हे विहिरीच्या पाण्यात पाहू लागली. वडिलांच्या हे लक्षात आले तेव्हा ते हादरले आणि त्यांनी नवा हार केला. पण देवाने स्वप्नात येऊन तिने घातलेलाच हार मागितला. पुढे तिने माणसाशी लग्न करायला नकार दिला, तिला पालखीतून श्रीरंगमला नेण्यात आले आणि तिथे ती रंगनाथात, म्हणजे तिथल्या विष्णूत, विलीन झाली.

ती विहीर आंडाळच्या मंदिराच्या आवारात आहे. येणारा प्रत्येक जण तिच्यात डोकावतो, आणि बायका डोकावताना नकळत केस सारखे करतात. आत्याही डोकावली आणि तिथेच उभी राहून हलक्या आवाजात म्हणाली, ‘दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें.’ ‘घनु वाजे घुणघुणा’ या विरहिणीतली ही ओळ आहे. चांदणे नकोसे झाले आहे, चंदनाची चोळी अंग भाजते आहे, फुलांची शेज आगीसारखी पोळते आहे, कोकिळेचे गाणे ऐकवत नाही, आणि शेवटी आरशात पाहावे तर आपले रूपच दिसत नाही. विठ्ठलाने मला असे करून टाकले. आंडाळ मात्र पाण्यात स्वतःला नीट पाहते, हारासकट पाहते. एकीला आरशात कोणी उरलेले दिसत नाही आणि दुसरीला आपण कशा दिसतो याची काळजी आहे, हा फरक त्या विहिरीपाशी मला पहिल्यांदा इतका स्पष्ट जाणवला. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत तळमळ ‘मी’लाच विरघळवून टाकते. आंडाळची तळमळ ‘मी’ला आणखी ठसठशीत करत जाते.

संध्याकाळी गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभे राहता आले. मध्ये रंगमन्नार, म्हणजे वररूपातला विष्णू, एका बाजूला आंडाळ आणि दुसऱ्या बाजूला हात जोडलेला गरुड. आंडाळचा अंबाडा डोक्याच्या एका बाजूला बांधलेला, आणि डाव्या हातात हिरवा पोपट. हा पोपट रोज नव्याने, ताज्या पानांचा बनवतात आणि त्याची चोच डाळिंबाच्या फुलाची असते. शेजारी उभ्या असलेल्या एका माणसाने बोटाने चोच दाखवली तेव्हा ते लाल टोक नेमके दिसले.

जाणाऱ्यांसाठी: मंदिर दुपारी बंद असते, तेव्हा सकाळी लवकर किंवा चारनंतर जावे. आवारात दोन स्वतंत्र देवळे आहेत. लांबून दिसणारा अकरा मजली गोपूर वटपत्रशायीच्या देवळाचा आहे, आंडाळचे देऊळ त्याच्या शेजारी आहे आणि बाग दोहोंच्या मधे. गावचा पालकोवा, म्हणजे आटवलेल्या दुधाचा मऊ पेढाच, प्रसिद्ध आहे. पण तो ताजाच चांगला लागतो.

दुसरा दिवस – मार्गळीची सत्ताविसावी पहाट

पहाटे बाहेर पडलो तेव्हा धुके होते आणि दारोदार रांगोळ्या काढून झाल्या होत्या. प्रत्येक रांगोळीच्या मधोमध शेणाचा छोटा गोळा आणि त्यात खोवलेले भोपळ्याचे पिवळे फूल. मार्गळीचे तीस दिवस आंडाळच्या तिरुप्पावै या काव्यातले रोज एक पद, अशी तीस पदे म्हणतात. तिरुपतीजवळच्या तिरुमलाच्या देवळातही या महिन्यात सुप्रभाताऐवजी हीच पदे होतात. त्या दिवशी सत्ताविसाव्या पदाची पाळी होती.

तिरुप्पावैत गोकुळातल्या मुली पहाटे एकमेकींना उठवत कृष्णाकडे जातात. दुसऱ्या पदात त्यांचे व्रत सांगितले आहे: तूप नाही, दूध नाही, काजळ नाही, फुले नाहीत. सत्ताविसाव्यात हे सगळे एकदम परत येते. मुली म्हणतात, आम्ही दागिने घालू, नवी वस्त्रे नेसू, आणि मग दुधातला भात, त्यावर इतके तूप की ते कोपरापर्यंत ओघळावे, असा सगळ्या मिळून बसून खाऊ. म्हणूनच त्या दिवशी घरोघरी आणि देवळांत अक्कारवडिसल करतात: तांदूळ आणि मूगडाळ दुधात शिजवून त्यात गूळ आणि भरपूर तूप. पानाच्या द्रोणात मिळालेल्या त्या गरम घासाचे तूप आत्याच्या मनगटापर्यंत आलेच, आणि शेजारच्या वृद्ध बाईंनी हसून कोपराकडे बोट दाखवले.

या बाईंशी मग ओळख झाली. सगळे त्यांना ‘मामी’ म्हणत होते, आम्हीही मामीच म्हणू लागलो. त्यांना मोडके हिंदी येत होते, आत्यालाही तितकेच. दोघी मंडपाच्या पायरीवर बसल्या आणि मामींनी एकेक पद म्हणायचे, मग आत्याने त्याला जुळणारी विरहिणी म्हणायची, असा सिलसिला सुरू झाला. कोकिळेला उत्तर कोकिळेने मिळाले. शकुनाला ‘पैल तो गे काऊ’ मिळाले; त्यावर मामींनी आंडाळचा शकुन सांगितला, की डोळे मिटून वाळूत वर्तुळ काढायचे आणि रेघेची टोके जुळली तर तो येणार. आत्याने लगेच पायरीवरच्या धुळीत बोटाने काढून पाहिले. टोके जुळली नाहीत.

मी मामींना विचारले की तिरुप्पावै रोज म्हणता, तशी नाच्चियार तिरुमोळीही म्हणता का. आंडाळचे हे दुसरे काव्य आहे, १४३ पदांचे, चौदा पदमालिकांत विभागलेले. त्या म्हणाल्या, “सहावी म्हणतो की, प्रत्येक लग्नात. बाकीच्या देवळात म्हणतात, घरात नाही.” का, असे विचारल्यावर त्यांनी फक्त हात हलवला. तेराव्या मालिकेत काय आहे हे मला ठाऊक होते. तिथे ती म्हणते की ज्यांचा त्याला काही उपयोग नाही ते हे स्तन मी मुळासकट उपटून त्याच्या छातीवर फेकीन आणि माझी आग विझवीन. घरातल्या देवघरात हे पद न म्हणण्याचे कारण कोणालाही समजेल, पण म्हणूनच आंडाळची बहुतेक ओळख तिरुप्पावैपुरती आणि सहाव्या मालिकेपुरती राहते, आणि ही ओळख अर्धी आहे असे माझे मत आहे. तिरुप्पावैत बोलणाऱ्या ‘आम्ही’ आहेत. तळमळ दहाजणींत वाटली गेली आहे, व्रताला मुदत आहे आणि शेवटी तूपभात आहे. तिरुमोळीत बोलणारी एकटी ‘मी’ आहे आणि तिच्या तळमळीला मुदत नाही.

दुपारी मंदिर बंद असताना खोलीवर अनुवाद उघडून सहावी आणि सातवी मालिका लागोपाठ वाचली. या प्रवासात मला जे काही हाती लागले ते मुख्यतः इथे लागले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सहावी मालिका म्हणजे तिने सखीला सांगितलेले लग्नाचे स्वप्न. जवळजवळ प्रत्येक पद ‘असे स्वप्न मी पाहिले, सखे’ या अर्थाच्या पालुपदावर संपते. हजार हत्तींच्या घोळक्यात तो येतो, गावभर तोरणे लागतात. सुपारीच्या झाडांनी सजवलेल्या मांडवात तो शिरतो. इंद्र आणि देव मागणी घालायला येतात. तिला नवे वस्त्र नेसवले जाते, हातात कंकण बांधले जाते, ढोल वाजतात, शंख फुंकले जातात, मोत्यांच्या झालरीखाली तो तिचा हात धरतो. मग अग्नीभोवती फेरे. मग तो तिचा पाय हातात घेऊन दगडी पाट्यावर ठेवतो, भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालतात. आपल्याकडच्या लग्नातही हे सगळे आहे, त्यामुळे वाचताना मराठी माणसाला एकही विधी परका वाटत नाही. शेवटी कुंकू-चंदन लावून दोघांना हत्तीवरून मिरवतात, मंगलस्नान घालतात. आणि स्वप्न तिथेच संपते. घरात प्रवेश नाही, एकांत नाही.

पुढच्याच पदात, म्हणजे सातव्या मालिकेच्या पहिल्या ओळीत, ती कृष्णाच्या शंखाला विचारते: त्याच्या तोंडाला कापराचा वास येतो का, की कमळाचा? ते पोवळ्यासारखे ओठ गोड लागतात का? म्हणजे हत्तीवर त्याच्या शेजारी बसून मिरवलेल्या नवरीला नवऱ्याच्या तोंडाचा वास कसा असतो हे माहीत नाही आणि तिला ते एका वाद्याला विचारावे लागते. पुढे ती शंखाला बोलही लावते, की त्याच्या सोळा हजार बायका पाहत असताना तू एकटाच त्याच्या ओठांचा रस पितोस, हे बरे नव्हे. आदल्या मालिकेत जो शंख तिच्या लग्नात वाजला, तोच आता सवत झाला आहे. हा धागा कवयित्रीने जाणून ओवला असेल असे मला वाटते, कारण या कवितेत वस्तू अशा वाया जात नाहीत.

विरह म्हणजे मीलनाच्या आधीची पायरी, असे आपण सहज धरून चालतो: आधी झुरणे, मग भेट, मग सगळे शांत. आंडाळच्या क्रमात लग्न चौदांपैकी सहावे येते आणि पुढच्या आठही मालिका त्याच्या नंतरच्या आहेत. त्यांत ढगांकडे निरोप आहे, बांगड्या गळणे आहे, मला इथून उचलून मथुरेला न्या ही विनवणी आहे, आणि राग आहे. स्वप्नात हात धरला गेल्यामुळे तळमळ शमलेली नाही, उलट काय हवे आहे ते आता तिला नेमके कळले आहे. पहिल्या मालिकेत ती कामदेवाला नवस करताना म्हणते की मला माणसाला देण्याची भाषाही झाली तर मी जगणार नाही. तिथे हट्ट आहे पण तपशील नाही. सातव्यात वास आणि चव आली.

तिसरा दिवस – अळगर कोविल

मदुराईच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर डोंगराच्या पायथ्याशी हे देऊळ आहे. आंडाळच्या पदांत त्याचे नाव तिरुमालिरुंचोलै असे येते. सकाळी पावसाची भुरभुर होती, झाडांवर माकडे होती, आणि आत्याच्या हातातली केळी त्यांनी गोपुरापर्यंतही पोहोचू दिली नाहीत.

नववी मालिका या जागेची आहे. ती सुरू होते लाल मखमली किड्यांनी. आपण ज्यांना मृगाचे किडे म्हणतो ते इंद्रगोप सगळ्या वनराईत सांडलेल्या शेंदरासारखे पसरले आहेत, आणि ती विचारते की त्याने टाकलेल्या या जाळ्यातून आम्ही सुटणार कशा. पावसाळ्याची ही खूण जानेवारीत दिसण्यासारखी नव्हती. पण ओल्या लाल मातीवर उतरणीची झाडी पाहताना जागा तीच आहे हे पटत होते.

याच मालिकेत तिचा प्रसिद्ध नवस आहे: शंभर घागरी लोणी आणि शंभर घागरी अक्कारवडिसल मी वाचेने अर्पण करून ठेवले आहे, तो येऊन ते घेईल का? पुढच्या पदात ती बोली वाढवते. तो आज येऊन जेवला तर एकाचे लाख करून देईन, वर दासीही होईन. घागरी खऱ्या नव्हत्या, फक्त शब्दांतल्या होत्या, आणि श्रीवैष्णव संप्रदायाला ही गोष्ट इतकी लागली की त्याचे अकराव्या-बाराव्या शतकातले आचार्य रामानुज यांनी इथे येऊन त्या शंभर-शंभर घागरी खरोखर अर्पण केल्या असे सांगतात. त्यानंतर ते श्रीविल्लिपुत्तूरला गेले तेव्हा आंडाळने त्यांना ‘अण्णा’ म्हणून हाक मारली, कारण बहिणीचा नवस फेडणे हे भावाचे काम.

देवळाच्या प्रसादाच्या जाड, तुपकट डोशाचा तुकडा खात आत्या म्हणाली, “अगं, म्हणजे तिचं उरलेलं यांनी पुरं केलं.” मला हे वाक्य फार नेमके वाटले. संप्रदायाने तिच्या कवितेतल्या प्रत्येक रिकाम्या जागेत काहीतरी भरले आहे. बोललेल्या घागरी रामानुजांनी भरल्या, स्वप्नातले लग्न श्रीविल्लिपुत्तूरचे देऊळ दरवर्षी पंगुनी उत्तिरमच्या सणाला खरे लावते, आणि न झालेली भेट श्रीरंगमच्या कथेने घडवून आणली. कवितेत मात्र त्या जागा रिकाम्याच आहेत.

जाणाऱ्यांसाठी: डोंगरावर नूपुरगंगा नावाचा झरा आहे आणि वाटेत मुरुगनचे देऊळ. वर जायला गाड्या मिळतात, पण खाण्याचे काही हातात उघडे ठेवू नये.

चौथा दिवस – श्रीरंगम

मदुराईहून तिरुचिरापल्लीचा प्रवास दुपारपर्यंत उरकला. कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन पात्रांमधल्या बेटावर, सात तटबंद्यांच्या आत रंगनाथ शेषावर निजला आहे. बाहेरच्या तटांच्या आत घरे, दुकाने, चहाच्या टपऱ्या असे अख्खे गाव आहे, त्यामुळे देऊळ नेमके कुठे सुरू झाले हे कळायला वेळ लागतो. गर्दीत गाभाऱ्यासमोर काही क्षणच मिळाले. तेवढ्यात दिसले ते लांबच लांब काळे शरीर आणि दिव्याने उजळलेले पाय.

आंडाळ इथे या देवात मिळून गेली अशी श्रद्धा आहे. पण तिच्या कवितेत श्रीरंगमला वाहिलेली मालिका आहे अकरावी, आणि ती म्हणजे सरळसरळ फिर्याद आहे. झुरून हात बारीक झाले, बांगड्या गळून पडल्या, आणि ती म्हणते की या रंगनाथानेच त्या पळवल्या. पृथ्वी आणि स्वर्ग दोन्हींवर ज्याचे राज्य चालते, त्याची अडचण माझ्या बांगड्यांनी भागणार आहे का? बळीकडे तीन पावले मागणाऱ्याला अजून काही कमी पडले होते का? शेवटच्या पदात ती साक्षीदारच उभा करते. आपल्यावर प्रेम करणाऱ्यांवर मी प्रेम करतो, हे या देवाचे वचन माझ्या वडिलांनी, विष्णुचित्तांनी, त्याच्या तोंडून ऐकले आहे. आता तोच शब्द फिरवणार असेल तर दाद कोणाकडे मागायची?

आत्याला इथे तुकोबा-जनाबाईंचे देवाशी भांडण आठवले आणि ते बरोबरच होते. फरक इतकाच की भांडणारी इथे मनाने त्याची बायको आहे आणि तक्रार शरीराची आहे: हात, मनगट, बांगडी. पुरुष आळ्वारांनीही, म्हणजे आंडाळसारख्याच विष्णुभक्त तमिळ संतकवींनीही, याच रंगनाथाला उद्देशून प्रेयसीच्या भूमिकेत पदे लिहिली आहेत. नम्माळ्वारांच्या एका मालिकेत तर आई बोलते: माझी मुलगी रात्रंदिवस झोप विसरली आहे, डोळ्यांतले पाणी हातांनी निपटते आहे, श्रीरंगमच्या देवा, तू तिचे काय करायचे ठरवले आहेस? ते पद काळजात जाते. पण नम्माळ्वारांना आधी ती मुलगी व्हावे लागते. जुने टीकाकार म्हणत की बाकी आळ्वारांचे प्रेम पाणी चढावर नेण्यासारखे आहे आणि आंडाळचे उताराला लागलेल्या पाण्यासारखे. यात बाईने प्रेम करणे सोपे असते असा एक गृहीतपणा लपला आहे, आणि अकरावी-तेरावी मालिका वाचून मला तो मान्य होत नाही. उताराचे पाणी असे दाद मागत बसत नाही.

रात्री चहाच्या टपरीवर आम्ही दोघी चौदाव्या मालिकेवर बराच वेळ वाद घालत बसलो. ही शेवटची मालिका प्रश्नोत्तरांची आहे. कळपात मोकाट चरणाऱ्या काळ्या खोंडासारखा तो इकडे आलेला पाहिलात का, असे कोणी विचारते आणि उत्तर येते की वृंदावनात पाहिला. प्रत्येक पदात नवे वर्णन, आणि उत्तर तेच. आत्याचे म्हणणे असे की हीच भेट, कविता सुखाने संपली. माझे म्हणणे वेगळे होते. पाहिला, असे म्हणणाऱ्या ‘आम्ही’ आहेत, ती एकटी नाही; शिवाय पाहणे म्हणजे हात धरणे नव्हे, तो तर सहाव्यातच धरला गेला होता. आत्या म्हणाली, ज्ञानेश्वरांनी आरसाच रिकामा केला, तिथे पाहणारे कोणी उरले नाही, म्हणून त्यांची विरहिणी पुढची. मी म्हटले, पुढची नव्हे, दुसऱ्या वाटेची. अद्वैती तळमळीत शेवटी दोघांतले एक गळून पडते आणि प्रश्न मिटतो. आंडाळला तो वेगळा, समोर आणि हाताशी हवा आहे, आणि असे हवेपण भेटीने संपण्यासारखे नाही. टपरीवाल्याने दोनदा ग्लास उचलून नेले तरी आमचे एकमत झाले नाही.

जाणाऱ्यांसाठी: वैकुंठ एकादशीच्या आगेमागे श्रीरंगमला प्रचंड गर्दी असते, पण तेव्हाच अरैयर सेवा पाहायला मिळते. उंच टोपी घातलेले अरैयर हातातल्या झांजांच्या तालावर ही पदे म्हणतात आणि अभिनयाने उलगडतात. निवांत दर्शन हवे असेल तर ते दिवस टाळावेत. पदे आधी वाचून जाणार असाल आणि वेळ थोडा असेल, तर सहावी, सातवी आणि अकरावी मालिका याच क्रमाने, मधे फार खंड न पाडता वाचा.